‘तो आमचा माणूस नाही’ असं कुणी म्हटलं तर…

आजचा विषय जरा अवघड जागेचा आहे, पण बचत गटाच्या कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या उपयोगाचा आहे.

आता आपल्या गटातल्या बाया मुंबईला प्रदर्शनाला जातात. पापड, चटण्या, मसाले, गोधड्या, बांबूच्या वस्तू घेऊन आठ-दहा दिवस तिथं राहतात. पश्चिम उपनगरात गोरेगाव आणि दिंडोशीच्या पट्ट्यात हमरस्त्यालगत मोठमोठ्या हॉलमध्ये प्रदर्शनं भरतात. तिथं आपल्याला कितीतरी अनोळखी माणसं भेटतात. आयोजकांची माणसं असतात, मांडव आणि वीज जोडणाऱ्या ठेकेदाराची असतात, घाऊक खरेदीदार येतात, नुसते बघायला येणारेही असतात. यातल्या कुणी नको तिथं हात लावला, अंगलट आला, घाणेरडं बोलला किंवा रात्री फोनवर नको ते मेसेज पाठवले, तर तक्रार कुणाकडे करायची?

बाई तक्रार घेऊन जाते तेव्हा तिला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं. आयोजक म्हणतात, “तो आमचा माणूस नाही, गिऱ्हाईक आहे.” ठेकेदार म्हणतो, “तो रोजंदारीवर आला होता.” आपल्याच गावची मंडळी म्हणतात, “घटना मुंबईत झाली, इथं काय करणार?” म्हणजे माणूस कुणाचाच नाही आणि जागाही कुणाची नाही. आज मला एवढंच उलगडून सांगायचं आहे की, तो कुणाचा माणूस आहे यावरून तुमची तक्रार थांबत नाही. ती कोणत्या दारी न्यायची एवढंच त्यावरून ठरतं.

कायदा सुरू झाला तोच गावातल्या बाईपासून

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा म्हटलं की शहरातलं ऑफिस, खुर्ची-टेबल आणि साहेब डोळ्यासमोर येतात. या कायद्याचं मूळ मात्र राजस्थानातल्या भटेरी नावाच्या खेड्यात आहे. तिथं भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीण’ म्हणून काम करत होत्या. आपल्याकडे गावपातळीवर सखी, ताई, प्रेरिका असतात, तसंच हे काम. गावात फिरायचं, बायांना माहिती द्यायची आणि महिन्याला थोडंसं मानधन घ्यायचं. १९९२ साली त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा राग धरून गावातल्या पुरुषांनी त्यांच्यावर अत्याचार केला.

नीट बघा, हल्ला करणारे त्यांच्या खात्यातले नव्हते. साहेब नव्हते की सहकारीही नव्हते. ते बाहेरचे लोक होते. पण हल्ला झाला तो भंवरी देवी करत असलेल्या कामामुळे. मग ज्यांनी त्यांना कामाला पाठवलं त्यांची काहीच जबाबदारी नाही का? हा प्रश्न घेऊन महिला संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल लागला. तोच ‘विशाखा’ निकाल. त्यातल्या सूचनांमध्ये न्यायालयाने हेही सांगितलं की, छळ करणारा बाहेरचा माणूस असला तरी मालकाने आणि कामाच्या जागेच्या प्रमुखाने त्या बाईला मदत केली पाहिजे आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून पावलं उचलली पाहिजेत.

पुढे २०१३ साली या सूचनांचा कायदा झाला. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, तक्रार करणारी बाई पगारी नोकरीत असलीच पाहिजे असं नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की बाई कोणत्याही वयाची असो, तिथं नोकरीला असो वा नसो. त्यामुळे “तुम्ही आमच्या कर्मचारी नाहीत, तुम्ही तर स्टॉलवाल्या” हे उत्तर चालत नाही.

दुसरी गोष्ट, कामाचं ठिकाण म्हणजे फक्त ऑफिस नव्हे. कामानिमित्त कर्मचारी जिथं जातात ती जागा आणि मालकाने जाण्यायेण्यासाठी दिलेलं वाहन, हेही कामाचं ठिकाण धरलं जातं. म्हणजे तुम्ही एखाद्या संस्थेच्या किंवा अभियानाच्या कार्यकर्त्या म्हणून अभ्यास दौऱ्यावर गेलात, तर प्रशिक्षणाची जागा आणि संस्थेने ठरवलेली गाडीही यात आली.

तिसरी गोष्ट, मालक म्हणजे फक्त पगार देणारा नव्हे. त्या जागेची व्यवस्था, देखरेख आणि ताबा ज्याच्याकडे आहे तोही मालक. प्रदर्शनात हे काम आयोजकांकडे असतं. कामाच्या ठिकाणी ज्यांच्याशी आपला संबंध येतो अशा बाहेरच्या लोकांपासूनही आपल्याला सुरक्षित ठेवणं हे कायद्याने त्यांच्यावर टाकलेलं काम आहे. छळ करणारा त्यांचा कर्मचारी नसला आणि बाईची पोलीस तक्रार करायची इच्छा असली, तर ती कारवाई सुरू करून देणंही त्यांचं कर्तव्य आहे. आपल्या विषयातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. “तो आमचा माणूस नाही” असं कुणी म्हटलं, तर त्याच कारणासाठी त्यांच्याकडे मदत मागता येते.

एक उदाहरण घेऊ

समजा, सोलापूरकडची एक ताई आहे. तिच्या गटाची शेंगदाण्याची चटणी प्रसिद्ध आहे. गोरेगावच्या एका प्रदर्शनात गटाला स्टॉल मिळाला आहे. १२ जानेवारीला संध्याकाळी सात वाजता एक माणूस येतो. आपण एका दुकानांच्या कंपनीसाठी खरेदी करतो असं सांगतो आणि आपलं कार्ड देतो. दोन पाकिटं घेतो, मोबाइलने पैसे भरतो. मग मोठी ऑर्डर देतो म्हणून स्टॉलच्या मागच्या बाजूला, खोकी ठेवली आहेत तिथं येतो आणि ताईच्या कमरेला हात लावतो. ती झटकते. तो हसतो आणि म्हणतो, “ऑर्डर हवी असेल तर रात्री जेवायला या.” रात्री साडेअकराला त्याचे मेसेज सुरू होतात. नंबर त्याला चटणीच्या पाकिटावरूनच मिळालेला असतो.

ताईच्या डोक्यात दोन गोष्टी घोळतात. बोलावं तर ऑर्डर जाते, आणि गावी कळलं तर पुढच्या वेळी घरचे पाठवणार नाहीत. म्हणून ती गप्प बसण्याच्या बेतात असते. आपण तिच्या जागी काय करायचं ते क्रमाने बघू.

त्याच रात्री पहिलं काम म्हणजे लिहून ठेवायचं. वहीच्या एका पानावर तारीख, वेळ, स्टॉलचा नंबर, तो नेमकं काय बोलला ते त्याच्याच शब्दांत, त्याने काय केलं, आपण काय केलं, जवळपास कोण होतं. शेजारच्या स्टॉलवरच्या बाईने बघितलं असेल किंवा घटनेनंतर आपण लगेच तिला सांगितलं असेल, तर तिचं नाव आणि नंबर लिहायचा. लिहिता येत नसेल तर गटातल्या दुसरीने लिहावं आणि ताईने सही किंवा अंगठा करावा. अंगाला हात लावला हे लिहायला लाज वाटते, म्हणून बाया “गैरवर्तन केलं” एवढंच लिहितात. पण त्या शब्दातून कुणालाच काही कळत नाही. हात कुठं लावला, कसा लावला, हे लिहिलं तरच तक्रारीला धार येते आणि पोलिसांनाही योग्य कलम लावता येतं.

दुसरं काम म्हणजे पुरावा जपायचा. त्याने दिलेलं कार्ड ठेवायचं. मोबाइलने पैसे भरले असतील तर आपल्या फोनवर आलेल्या नोंदीत बहुतेक वेळा पैसे भरणाऱ्याचं नाव आणि नेमकी वेळ असते. ती नोंद पुसायची नाही. या एका नोंदीवरून तो त्या वेळी तुमच्या स्टॉलवर होता हे दिसतं. मेसेज आले असतील तर रागाच्या भरात ते काढून टाकू नका. आधी नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनचे फोटो काढा, मूळ मेसेज फोनमध्ये तसेच ठेवा, आणि मग हवं तर त्याला ब्लॉक करा. हे फोटो गटाच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. ते गावभर फिरतात, नाव ताईचं खराब होतं आणि समोरच्याला ओरड करायला जागा मिळते.

तिसरं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. आयोजकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्यायचा. अर्ज साधा असावा. साधारण असा:

“मी अमुक गटाची सदस्य, स्टॉल क्रमांक अमुक. दिनांक १२ जानेवारी रोजी संध्याकाळी सात वाजता स्टॉलच्या मागच्या बाजूला एका खरेदीदाराने माझ्या इच्छेविरुद्ध माझ्या कमरेला हात लावला आणि ऑर्डर हवी असल्यास रात्री जेवायला ये, असे म्हटले. रात्री साडेअकरा वाजता माझ्या फोनवर मेसेज पाठवले. त्याचे कार्ड आणि मेसेजची प्रत सोबत जोडली आहे. शेजारच्या स्टॉलच्या सदस्यांनी हे पाहिले आहे. माझी मागणी अशी की, एक, माझी तक्रार आपल्या अंतर्गत समितीकडे द्यावी. दोन, त्या दिवशीचे संध्याकाळी सहा ते आठ या वेळेचे कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे. तीन, या माणसाला प्रदर्शनात पुन्हा प्रवेश देऊ नये. चार, मला पोलिसांत तक्रार करायची आहे, त्यासाठी मदत करावी.”

यातली दुसरी मागणी कधी विसरू नका. कॅमेऱ्याचं चित्रण कायमचं राहत नाही. जागा भरली की जुन्यावर नवं चढतं आणि जुनं पुसलं जातं. महिन्याने समिती बसते आणि तेव्हा चित्रण नाही असं उत्तर येतं. पहिल्याच अर्जात वेळेसकट मागणी केलेली असेल आणि पोच हातात असेल, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं त्यांना म्हणता येत नाही.

कोणत्या दारी जायचं

आता समित्यांचं बघू. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष बाईच असते, निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य बाया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो.

माणूस आयोजकांचाच कर्मचारी असेल तर सरळ त्यांच्या समितीकडे जायचं. माणूस दुसऱ्या कंपनीचा किंवा ठेकेदाराचा असेल, तर त्याच्या मालकाच्या समितीकडेही तक्रार देता येते. पूर्वी इथंच घोळ व्हायचा. बाईला सांगितलं जायचं की माणूस ज्या कार्यालयाचा, त्याच कार्यालयाच्या समितीकडे जा. म्हणजे तिने त्याच्या माणसांसमोर, त्याच्या घरच्या अंगणात जाऊन बोलायचं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर निकाल दिला. प्रकरण दोन वेगवेगळ्या सरकारी खात्यांतल्या अधिकाऱ्यांचं होतं. न्यायालयाने सांगितलं की, ज्याच्यावर आरोप आहे तो दुसरीकडे नोकरीला असला, तरी बाईच्या कामाच्या ठिकाणची समिती चौकशी करू शकते. त्याच्या मालकाने चौकशीला सहकार्य करायचं आणि समितीचा अहवाल आल्यावर त्यावर कारवाईही करायची. तेव्हा आयोजकांची समिती “तो आमच्याकडे नोकरीला नाही, म्हणून आम्ही अर्जच घेणार नाही” म्हणाली, तर या निकालाची आठवण करून द्या.

आयोजकांकडे किंवा ठेकेदाराकडे दहापेक्षा कमी माणसं असतील, समितीच नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर स्थानिक समितीकडे जायचं. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. दिंडोशी, गोरेगाव, मालाड हा सगळा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो आणि त्या जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. पण तुम्हाला सोलापूरहून वांद्र्याला पळायची गरज नाही. कायद्यात प्रत्येक तालुक्यासाठी एक नोडल अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत संबंधित स्थानिक समितीकडे पाठवायची. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात, सगळ्या राज्यांना असे अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तुमच्या तालुक्यात हा अधिकारी कोण आहे, हे प्रदर्शनाला निघायच्या आधीच तहसील किंवा पंचायत समितीत विचारून गटाच्या वहीत लिहून ठेवा. फोन वापरणाऱ्या मुलीच्या मदतीने केंद्र सरकारच्या `shebox.wcd.gov.in` या जागेवरही तक्रार नोंदवता येते.

मुदतीचं गणित पक्कं लक्षात ठेवा. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत समितीकडे लेखी तक्रार द्यायची. छळ पुन्हा पुन्हा होत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. आपल्या ताईची घटना १२ जानेवारीची, तर तिला साधारण १२ एप्रिलपर्यंत वेळ आहे. आजारपण, धमकी असं योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. नियमानुसार तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात. तेवढ्या झेरॉक्स काढून ठेवा, म्हणजे त्या कारणाने कुणी परत पाठवणार नाही. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. समितीसमोर दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही, त्यामुळे समोरच्याने मोठा वकील आणला तर काय, ही भीती इथं नाही.

समितीचं बळ कुठं संपतं

समितीची मर्यादाही सांगायला हवी. समिती मालकाला शिफारस करते: पगार कापा, बढती रोखा, कामावरून काढा, बाईला भरपाई द्या. पण हे सगळं नोकरीवरच्या माणसाला लागू होतं. तिकीट काढून आलेला एखादा बघ्या, ज्याला कुणी मालकच नाही, त्याचा पगार कोण कापणार? अशा वेळी आयोजक त्याला बाहेर काढू शकतात, पुन्हा येऊ न देण्याची व्यवस्था करू शकतात, चित्रण पोलिसांना देऊ शकतात. त्याला शिक्षा मात्र पोलीस आणि कोर्टाच्या मार्गानेच होते. म्हणून माणूस जितका ‘कुणाचाच नाही’, तितकं पोलिसांचं दार महत्त्वाचं. आणि समितीकडे गेलं म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही, असंही नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. नको असताना अंगलट येणं, शरीरसंबंधाची मागणी करणं, अश्लील चित्रं दाखवणं यासाठी कलम ७५ आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बाईची लाज जाईल अशा हेतूने तिच्यावर बळजबरी केली तर कलम ७४ आहे, त्यात कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त पाच वर्षं शिक्षा आहे. नको म्हटल्यावरही मागे लागणं किंवा फोनवर सतत गाठणं यासाठी कलम ७८, आणि बाईचा अपमान करणारे शब्द आणि हावभाव यासाठी कलम ७९ आहे. आकडे पाठ नाही झाले तरी चालेल. घटना नीट सांगितली की कलम लावणं हे पोलिसांचं काम.

आता ‘घटना मुंबईत झाली’ याचं उत्तर. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. याला लोक ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ताई प्रदर्शन उरकून गावी परतली असेल, तरी आपल्या तालुक्याच्या ठाण्यात ती तक्रार देऊ शकते. तिथले पोलीस ती नोंदवून घेतात आणि मुंबईतल्या त्या हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतात. अशा गुन्ह्यात बाईची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. नोंदवलेल्या तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा.

पुढे तपासासाठी पोलीस जबाब घेतात. तेव्हा बाईला तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही. “जबाबासाठी दिंडोशीला या” असा फोन आला तर शांतपणे सांगा की माझा जबाब घरी येऊन घ्या. कोर्टात साक्षीची वेळ आली की मात्र बोलावणं येतं, आणि त्यासाठी मनाची तयारी ठेवावी लागते. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज द्यायचा.

प्रदर्शनातच प्रसंग आला आणि भीती वाटली, तर ११२ नंबर लावा. मुंबईत बायांसाठी पोलिसांचा १०३ हा नंबरही आहे. सल्ला आणि आधार हवा असेल तर १८१.

रात्रीच्या मेसेजचं काय होतं?

“हात लावला ते ठीक, पण नुसत्या मेसेजचं कोण ऐकणार?” असं बाया विचारतात. याचं उत्तर दिंडोशीच्याच कोर्टाने दिलं आहे. दिंडोशीला मुंबईचं सत्र न्यायालय आहे. तिथं फेब्रुवारी २०२५ मध्ये एका अपिलाचा निकाल लागला. तक्रार करणारी बाई माजी नगरसेविका होती. जानेवारी २०१६ मध्ये एका माणसाने रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान तिला व्हॉट्सअॅपवर मेसेज आणि चित्रं पाठवली होती. तू सडपातळ आहेस, गोरी आहेस, छान दिसतेस, मला आवडतेस, तुझं लग्न झालंय का, अशा अर्थाचे ते मेसेज होते. खालच्या कोर्टाने २०२२ साली त्याला तीन महिन्यांची शिक्षा दिली होती. त्याने अपिलात सांगितलं की हे राजकीय वैरातून रचलेलं आहे. सत्र न्यायालयाने ते मानलं नाही. अनोळखी बाईला रात्रीच्या वेळी असले मेसेज पाठवणं हे अश्लील आणि तिच्या स्त्रीत्वाचा अपमान करणारं आहे, असं म्हणून शिक्षा कायम ठेवली.

यातून आपल्याला दोन गोष्टी कळतात. एक, शिवी नाही, धमकी नाही, वरवर ‘कौतुक’ आहे, तरीही तो गुन्हा ठरू शकतो. दोन, मेसेज जानेवारी २०१६ चे आणि अपिलाचा निकाल २०२५ चा. कोर्टाला नऊ वर्षं लागू शकतात. इतक्या वर्षांनी तोंडी आठवण पुरत नाही, जपलेला पुरावा लागतो. म्हणून मघाशी मेसेज काढू नका असं बजावून सांगितलं.

मिटवून टाका म्हणतात तेव्हा

शेवटी ऑर्डरचा प्रश्न, कारण खरा दबाव तिथूनच येतो. मोठा खरेदीदार असला की आयोजक, कधी आपल्याच संघाच्या पदाधिकारीही म्हणतात, “माफी मागतोय ना, मिटवून टाका. तुमचे अडकलेले पैसेही लगेच मिळतील.” इथं दोन हिशेब एकत्र मिसळू द्यायचे नाहीत. चटणी गटाची आहे, बिल गटाच्या नावाचं आहे, ते पैसे त्याला द्यावेच लागतात. ते तुमच्या गप्प बसण्याची किंमत नाहीत. त्या बिलाचा पाठपुरावा ताईऐवजी गटातल्या दुसऱ्या बाईने करावा आणि तोही लेखी. समितीपुढे बाईने स्वतः मागणी केली तरच समेट होऊ शकतो, आणि पैसे देऊन केलेला समेट कायद्याला मान्य नाही. त्यामुळे कोऱ्या कागदावर किंवा “माझी तक्रार नाही” अशा छापील कागदावर सही करायची नाही.

“सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच उलटेल” अशीही भीती घातली जाते. कायदा सांगतो की नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं चौकशीत वेगळं सिद्ध व्हावं लागतं. आणि घरच्यांना, गावाला कळेल ही धास्ती असेल, तर समितीकडे केलेल्या तक्रारीतलं बाईचं नाव, पत्ता आणि चौकशीची माहिती जाहीर करायला कायद्याने मनाई आहे. समितीतल्या कुणी ती फोडली तर त्यालाच दंड होतो. ताई गटाबरोबर पुढच्या प्रदर्शनाला यावी असं वाटत असेल, तर ही गुप्तता आपल्या गटानेही पाळायला हवी.

म्हणून पुढच्या वेळी स्टॉलचा अर्ज भराल, तेव्हा त्याच कागदाबरोबर आयोजकांना तीन गोष्टी लेखी विचारा. तुमची अंतर्गत समिती आहे का, तिच्या अध्यक्षबाईंचा नंबर काय, आणि मांडव, वीज, पहारा यांचे ठेकेदार कोण. उत्तर गटाच्या वहीत चिकटवा. पाकिटावर कुणा एकीचा घरचा नंबर छापण्याऐवजी गटाचा वेगळा नंबर छापा, आणि रात्री तो फोन अध्यक्ष-सचिवांपैकी एकीकडे ठेवा. स्टॉलच्या मागे खोक्यांकडे जायचं असेल तेव्हा दुसरीला हाक मारून जा. आणि आपल्यातली एखादी येऊन म्हणाली की अमक्याने असं केलं, तर “तू तिथं गेलीसच कशाला” हे विचारू नका. वही आणि पेन पुढे करा आणि विचारा, “किती वाजता, आणि जवळ कोण होतं?”